१०८ रुपयांचं पत्र : एका ग्राहकाची तक्रार आणि आपलं बिलिंग काउंटर



अकोल्याच्या ट्रेनिंगला आलेल्या किराणावाल्यांना मी एक पत्र वाचून दाखवलं. माझ्याच अमरावतीच्या दुकानात आलेलं, गेल्या दिवाळीनंतरचं. वाचून झाल्यावर विचारलं, "हे पत्र तुमच्या हातात पडलं तर पहिलं काम काय कराल?"

मागून एक जण म्हणाला, "भाऊ, १०८ रुपये द्याचे, चहा पाजाचा, विषय खतम." दुसऱ्यानं सांगितलं, "मी तं काउंटरवाल्या पोराच्या पगारातून कापले असते." तिसऱ्याचं म्हणणं असं की आधी ग्राहक खरं बोलतो की नाही ते पाहायचं.

तिसरा थोडा जवळ होता. पहिले दोघं मात्र पत्र नीट वाचलंच नाही असं बोलत होते. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही त्यांच्यासारखाच वागणार होतो. म्हणून आज ते पत्र तुमच्यासमोर ठेवतो आणि त्यानंतर दुकानात काय काय तपासलं ते क्रमानं सांगतो. ग्राहकाचं नाव आणि मालाचे ब्रँड काढून टाकले आहेत.

पत्र

दि. २४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव), अमरावती

विषय : बिलात छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झाल्याबाबत व दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

मी आपला जुना ग्राहक आहे. दि. १६ ऑक्टोबर रोजी सायंकाळी आपल्या दुकानातून दिवाळीचा किराणा नेला. बिलाची छायाप्रत सोबत जोडली आहे. सणाच्या गडबडीत बिल पडताळणे राहून गेले. काल भाऊबीज आटोपल्यावर सामान लावताना पुढील गोष्टी लक्षात आल्या.

१) टूथपेस्ट, २ नग. पाकिटावर छापील किंमत १११ रुपये. बिलात १२५ रुपये दराने आकारणी. फरक २८ रुपये.

२) गाईचे तूप १ लिटर, २ नग. डब्यावर छापील किंमत ६१० रुपये. बिलात ६५० रुपये दराने आकारणी. फरक ८० रुपये.

३) सोयाबीन तेल, ५ लिटरचा कॅन. छापील किंमत व बिलातील दर सारखाच आहे. परंतु २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला असताना तेलाचा भाव कमी का झाला नाही, याचा खुलासा करावा. फरक निघत असल्यास तोही मिळावा.

दोन्ही पाकिटांवरील किमतीचे फोटो सोबत आहेत. पाकिटे घरी ठेवली आहेत, पाहावयाची असल्यास घेऊन येतो.

काउंटरवरील मुलगा सौजन्याने वागला, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी मागणी १०८ रुपयांपुरतीही नाही. त्या सायंकाळी माझ्यामागे दहा-बारा जण रांगेत होते. मशीनच जास्त दर लावत असेल, तर त्यांच्याही बिलात तेच झाले असेल. ते तपासून दुरुस्ती करावी व मला लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)

या पत्रात खरी बातमी कुठे आहे?

शेवटच्या परिच्छेदात. पत्र लिहिणारे काका निवृत्त माणूस. त्यांनी पेन घेऊन बसून एक गोष्ट शोधली, जी माझ्या लक्षात आली नव्हती. माणसाची चूक एका बिलात होते. मशीनची चूक त्या वस्तूच्या प्रत्येक बिलात होत राहते.

किराण्यात जास्त आकारणी साधारण चार जागी होते. एक, हातानं नग चुकतात, दोनाचे तीन लागतात किंवा एकच वस्तू दोनदा स्कॅन होते. दोन, सुट्ट्या मालाच्या वजनात डब्याचं किंवा पिशवीचं वजन धरलं जातं. तीन, फळीवर लावलेली ऑफर बिलात लागत नाही. चार, कॉम्प्युटरमधल्या यादीतच दर चुकीचा असतो.

काकांच्या बिलात नग बरोबर होते, वजनाचा प्रश्न नव्हता, ऑफरही नव्हती. दोन वेगवेगळ्या वस्तूंवर फक्त दर चुकला होता. म्हणजे चौथा प्रकार. बिलातच त्याचा पुरावा होता. आमच्या बिलावर छापील किमतीचा एक रकाना असतो. त्यात टूथपेस्टसमोर १२५ लिहिलेलं होतं, आणि काकांच्या घरच्या पाकिटावर १११. काउंटरवरच्या मुलानं आकडा टाईप केलेला नव्हता. त्यानं पाकीट स्कॅन केलं आणि मशीननं १२५ काढले.

१२५ आले कुठून?

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल हे १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ वर आलं. तुमच्यापैकी ज्यांचं दुकान तेव्हा चालू होतं, त्यांना ते दिवस आठवत असतील. फळीवर जुन्या छापील किमतीचा माल, गाडीतून नव्या किमतीचा माल, आणि विचारणारं गिऱ्हाईक.

नवी किंमत कशी निघाली ते आधी समजून घ्या, कारण इथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. १८ मधून ५ गेले, १३ राहिले, म्हणून १२५ चे १३ टक्के कमी करायचे, असं अनेक जण करतात. त्यानं १०८ रुपये ७५ पैसे येतात आणि ते चूक आहे. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. म्हणून आधी कर बाहेर काढायचा. १२५ ला ११८ नं भागून १०० नं गुणलं की १०५ रुपये ९३ पैसे ही विनाकर किंमत मिळते. त्यावर ५ टक्के लावले की १११ रुपये २३ पैसे. कंपनीनं १११ छापले. तुपाचंही तसंच. ६५० ला ११२ नं भागून १०५ नं गुणा, ६०९ रुपये ३८ पैसे येतात. डब्यावर ६१० आले.

आता जुन्या पाकिटाचं काय? कर विक्रीच्या दिवसाच्या दरानं लागतो, पाकीट कधी छापलं त्यावर नाही. २२ सप्टेंबरनंतर जुनं पाकीट विकलं तरी सरकारला ५ टक्केच भरायचे. मग गिऱ्हाइकाकडून १८ टक्के धरलेली किंमत घेतली, तर मधला फरक आपल्या खिशात राहतो. कंपन्यांना जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायची मुभा सरकारनं दिली होती, ती याचसाठी. आम्ही ठरवलं की पाकीट जुनं असो की नवं, दोन्ही नव्याच भावात विकायचं. २१ सप्टेंबरच्या रात्री दुकान बंद करून आम्ही यादीतल्या दोनशेच्या आसपास वस्तूंचे विक्री दर हातानं बदलले.

त्यातून दोन वस्तू सुटल्या. ही टूथपेस्ट आणि हे तूप. एवढीच चूक असती तर जुना माल संपल्यावर ती आपोआप थांबली असती. पण पुढे दुसरी चूक तिच्यावर चढली.

कंपनी किंमत बदलते तेव्हा बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूची ओळख असते. त्यामुळे ८ ऑक्टोबरला १११ ची टूथपेस्ट आली आणि आम्ही माल चढवला, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये एकाच बारकोडखाली दोन ओळी तयार झाल्या. एक १२५ ची, एक १११ ची. स्कॅन केलं की पडद्यावर छोटी खिडकी उघडते, "कोणती किंमत?" वरची ओळ जुनी असते. काउंटरवरच्या माणसानं पाकीट उलटून किंमत पाहायची आणि योग्य ओळ निवडायची, अशी ती रचना. प्रत्यक्षात दिवाळीच्या गर्दीत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. खिडकी उघडली की हात सरळ एन्टरवर जातो, आणि एन्टर म्हणजे वरची ओळ, म्हणजे १२५.

१११ छापलेल्या पाकिटाचे १२५ घेणं ही नुसती हिशेबाची चूक राहत नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत, नियम १८ मध्ये, छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला किरकोळ दुकानदाराला मनाई आहे. आपण ज्यांना वजन-मापवाले म्हणतो, त्या वैधमापन खात्याकडे यावर कारवाईचा अधिकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हे तक्रारीचं सरळ कारण आहे. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करू शकतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा लागत नाही. काकांना हे सगळं माहीत होतं, असं नंतर बोलण्यात कळलं. तरी त्यांनी आधी मला पत्र लिहिलं.

किती जणांचे गेले? हे मोजायचं कसं

आता मुख्य काम. मी आधी संगणकातला एकूण साठा आणि फळीवरचा साठा ताडून पाहिला. टूथपेस्ट संगणकात ४२, फळीवर ४२. तंतोतंत. एरवी मी इथेच थांबलो असतो. महिन्याच्या साठा मोजणीत ही वस्तू "बरोबर" म्हणून निघून गेली असती.

मग पाकिटं छापील किमतीप्रमाणे वेगळी करून मोजली. तेव्हा चित्र बदललं.

संगणकात : १२५ ची ४ आणि १११ ची ३८.
फळीवर : १२५ ची २३ आणि १११ ची १९.

एकूण सारखं, आतली वाटणी उलटी. याचा अर्थ काय? नवी ४८ पाकिटं आली होती. फळीवर १९ उरली, म्हणजे २९ विकली गेली. पण संगणक म्हणतो १११ च्या ओळीतून फक्त १० विकली. मग उरलेली १९ कुठे गेली? ती १२५ च्या ओळीत बिल झाली. म्हणून तर संगणकाच्या मते जुनी पाकिटं जवळपास संपली होती, आणि फळीवर ती २३ पडून होती.

ही खूण लक्षात ठेवा. एका बारकोडला दोन किमती असतील, एकूण साठा जुळत असेल आणि किंमतवार साठा जुळत नसेल, तर काउंटरवर चुकीची ओळ निवडली जाते आहे. जुनी ओळ संगणकात कमी आणि फळीवर जास्त असेल तर गिऱ्हाइकाचं नुकसान. उलटं असेल, आणि नवी किंमत वाढलेली असेल, तरी ही गडबड होते. तिथे नव्या किमतीची ओळ आधी संपते आणि जुन्या पाकिटाला वाढीव किंमत लागते.

तुपाची मोजणी तशीच केली. नवे २४ डबे आले होते, फळीवर ९, म्हणजे १५ विकले. संगणकात नव्या किमतीनं विकलेले फक्त ४. म्हणजे ६१० च्या ११ डब्यांचे ६५० घेतले गेले.

हे झालं नव्या पाकिटांचं. पण आमचं ठरलं होतं जुनं पाकीटही नव्या भावात द्यायचं. म्हणून परताव्यासाठी मी वस्तूनिहाय विक्री रजिस्टर काढलं. तारीख २२ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर, दर १२५. टूथपेस्टचे ५८ नग निघाले, गुणिले १४ म्हणजे ८१२ रुपये. तूप ६५० नं ३० नग, गुणिले ४० म्हणजे १,२०० रुपये. एकूण २,०१२ रुपये, ६१ बिलांमध्ये.

काकांनी मागितले होते १०८. माझ्याकडे चुकून आलेले होते २,०१२. "चहा पाजाचा, विषय खतम" केलं असतं, तर १,९०४ रुपये लोकांचे माझ्या गल्ल्यात राहिले असते आणि आकडा रोज वाढत गेला असता.

तिसरी मागणी : जिथे ग्राहक चुकतो

तेलाबाबत मात्र काकांचा समज बरोबर नव्हता. खाद्यतेलावर जीएसटी आधीही ५ टक्के होता, २२ सप्टेंबरनंतरही ५ टक्केच राहिला. म्हणून कराच्या कारणानं तेल स्वस्त होण्याचा प्रश्न नव्हता. छापील किंमत आणि बिल सारखं होतं, फरक निघत नव्हता.

इथे दोन मोह होतात. एक म्हणजे ग्राहक नाराज नको म्हणून यातही दहा-वीस रुपये देऊन टाकायचे. ते करू नका. जी चूक झालीच नाही तिचे पैसे दिले, तर बाकीच्या दोन चुकांचे पैसेही तोंड बंद करायला दिल्यासारखे दिसतात. दुसरा मोह उलटा. एक मागणी चुकीची निघाली की "बघा, तुम्हालाच कळत नाही" म्हणून सगळ्या पत्राची किंमत कमी करायची. तेही करू नका. प्रत्येक ओळीचं उत्तर वेगळं द्या, त्यांनी जसे क्रमांक टाकले त्याच क्रमांकानं.

उत्तर

त्याच संध्याकाळी मी फोन केला. "काकाजी, तुमचं पत्र मिळालं. पहिल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, चूक आमची आहे. किती बिलांत झालं ते मोजतो आहे, मला तीन दिवस द्या." ते म्हणाले, "घ्या जी तीन दिवस. पण लिहून द्या." तिसऱ्या दिवशी हे पत्र त्यांच्या घरी नेऊन दिलं.

"महोदय,
आपले दि. २४ ऑक्टोबरचे पत्र मिळाले. क्रमवार उत्तर देत आहे.
१) टूथपेस्टचे २ नग १११ ऐवजी १२५ रुपये दराने लागले. फरक २८ रुपये परत करत आहोत.
२) तुपाचे २ डबे ६१० ऐवजी ६५० रुपये दराने लागले. फरक ८० रुपये परत करत आहोत.
३) खाद्यतेलावरील कर पूर्वीही ५ टक्के होता व आजही तेवढाच आहे. त्यामुळे या वस्तूत फरक निघत नाही.
चुकीचे कारण : संगणकातील यादीत या दोन वस्तूंचा दर बदलायचा राहिला होता व एकाच बारकोडवर दोन किमती असल्याने जुनी किंमत निवडली जात होती. दि. २४ रोजी रात्री यादी दुरुस्त केली आहे.
आपण म्हटल्याप्रमाणे इतर बिलेही तपासली. एकूण ६१ बिलांत हा फरक आढळला. संबंधित ग्राहकांना फरक परत देणे सुरू केले आहे.
चूक दाखवून दिल्याबद्दल आभारी आहोत."

यात बघा, "गैरसोयीबद्दल क्षमस्व" वगैरे काही नाही. काय चुकलं, का चुकलं, किती परत, कधी दुरुस्त झालं आणि बाकीच्यांचं काय, एवढंच आहे. काकांनी हेच विचारलं होतं.

पैसे गल्ल्यातून काढून तसेच दिले नाहीत. त्यांच्या बिल क्रमांकावर क्रेडिट नोट काढली. कारण साधं आहे. १०८ रुपयांची विक्री तुमच्या हिशेबात आहे आणि तिच्यावर कर धरलेला आहे. नुसते रोख दिले तर गल्ला तुटीत जातो आणि जी विक्री राहिली नाही तिचा कर तुम्ही भरता. क्रेडिट नोटनं दोन्ही जागी वजावट होते. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर बिलात कर वेगळा दाखवायचाच नसतो, पण छापील किमतीचा नियम तुम्हालाही तेवढाच लागू आहे. परताव्याची नोंद कशी घ्यायची ते एकदा आपल्या सीएला विचारून ठेवा.

बाकीची साठ बिलं

काकांचं धरून ६१ पैकी ३७ बिलांवर मोबाईल नंबर होता. बाकीच्या ३६ जणांना आम्ही मेसेज पाठवला, बिलाची तारीख आणि रक्कम लिहून. दोन महिन्यांत त्यातल्या २८ जणांनी फरक घेतला, बहुतेकांनी पुढच्या किराण्यात वळता केला. नंबर नसलेली २४ बिलं राहिली. त्यांच्यासाठी काउंटरवर पाटी लावली : "२२ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर या काळात या दोन वस्तूंवर आमच्याकडून जास्त दर लागला आहे. बिल दाखवा, फरक घेऊन जा." त्यातले ६ जण आले. बाकीचे पैसे परत देता आले नाहीत, हे मान्य करावं लागतं. नंबर न घेता दिलेल्या बिलाची चूक नंतर पूर्ण दुरुस्त करता येत नाही.

पाटी लावताना घरचेच म्हणाले, "आपल्या हातानं आपली बदनामी कशाला?" माझं उत्तर एवढंच होतं की १११ छापलेल्या १९ टूथपेस्ट गिऱ्हाइकांच्या घरी आहेत. किंमत त्यांच्यावरच छापलेली आहे. त्यांना आज ना उद्या कळणारच आहे. ते आपण सांगायचं की त्यांनी शोधायचं, एवढंच ठरवायचं होतं.

काउंटरवरचा मुलगा

पगारातून कापायचं म्हणणाऱ्यांसाठी. यादीतून दोन वस्तू सोडल्या कोणी? मी. जुनी ओळ वर ठेवली कोणी? सॉफ्टवेअरनं, आणि मी ती बदलली नाही. मुलाला गर्दीत प्रत्येक पाकीट उलटून बघायला सांगितलं कोणी? कोणीच नाही. त्याच्याकडून पैसे कापले असते तर पुढच्या वेळी चूक दिसल्यावर त्यानं ती लपवली असती. तुमच्या दुकानात दिवसभर सगळ्यात जास्त बिलं बघणारा माणूस तोच आहे. त्याला सांगण्याची भीती वाटली, तर तुम्हाला ग्राहकाच्या पत्राचीच वाट पाहावी लागेल.

आता आम्ही काय करतो

तीनच गोष्टी बदलल्या.

पहिली, माल चढवताना. नव्या छापील किमतीचा माल आला की चढवणारा एक पाकीट घेऊन काउंटरवर जातो, स्कॅन करतो आणि पडद्यावरचा दर पाकिटाशी जुळवतो. दर जुळल्याशिवाय माल फळीवर जात नाही.

दुसरी, जुनी ओळ. किंमत कमी झाली असेल तर जुन्या ओळीचा विक्री दरही त्याच दिवशी नव्या किमतीइतका करतो. मग काउंटरवर कोणतीही ओळ निवडली तरी गिऱ्हाइकाला १११ च लागतात. किंमत वाढली असेल तर असं करता येत नाही, कारण जुन्या पाकिटाला जुनीच किंमत लागायला हवी. तिथे जुना माल समोर ठेवून तो आधी संपवतो आणि तोपर्यंत नवा माल गोदामातच ठेवतो.

तिसरी, सोमवारची मोजणी. ज्या बारकोडवर दोन किमती चालू आहेत त्यांची यादी सॉफ्टवेअरमधून काढतो. ती एरवी दहा-पंधरा वस्तूंचीच असते. त्या वस्तू फळीवर किंमतवार मोजतो. अर्धा तास लागतो.

आज दुकान बंद करताना एवढं करून बघा. दोन किमती असलेली एक वस्तू निवडा, किंमतवार मोजा आणि संगणकाशी जुळवा. एकूण जुळतं आणि वाटणी जुळत नाही असं निघालं, तर ते पत्र तुमच्यासाठीही आहे, फक्त अजून कोणी लिहिलेलं नाही.

ते काका आजही येतात. बिल हातात आलं की काउंटरवरच उभं राहून प्रत्येक ओळ तपासतात. मुलगा आता त्यांना विचारतो, "काकाजी, जुळलं का?" ते मान हलवतात आणि मग पिशवी उचलतात.